‘प्रोसेसमध्ये आहे’ला उत्तर काय लिहायचं?

*ताई, मी जुळे सोलापुरात घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकते. पाकिटं सील करायचं मशीन एका कंपनीच्या वेबसाइटवरून ७,८५० रुपयांना मागवलं. पैसे मिस्टरांच्या मोबाइलवरून यूपीआयने भरले. ३ मार्चला मशीन आलं, पण पट्टी तापतच नव्हती. ५ तारखेला परत घ्या म्हणून कळवलं, ९ तारखेला त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला. १२ मार्चला मेसेज आला, ‘रिफंड सुरू केला आहे, ५ ते ७ कामाच्या दिवसांत मिळेल.’ आज ६ एप्रिल. २७ मार्चला फोन केला, २ एप्रिलला केला, ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच म्हणायलेत. काल रात्री रागात खालचा मेल लिहून ठेवलाय. पाठवू का?*

*‘तुम्ही लोक चोर आहात. महिना झाला माझे पैसे दाबून बसलात. दहा वेळा फोन केला, तुमच्या माणसांना बोलायची अक्कल नाही. तुमच्यामुळे माझ्या धंद्याचं पंचवीस हजारांचं नुकसान झालं, ते कोण भरून देणार? आरबीआयच्या नियमाने रोजचे शंभर रुपये दंड द्यावाच लागेल. ताबडतोब पैसे टाका, नाहीतर पोलिसात जाईन, वकील लावीन, पेपरात देईन, फेसबुकवर तुमची इज्जत काढीन.’*

*— एक वाचक, जुळे सोलापूर*

ताई, हा मेल पाठवू नका, पण पुसूनही टाकू नका. त्यातल्या दोन-तीन गोष्टी कामाच्या आहेत, त्या वर काढायच्या आहेत.

त्याआधी आज एक काम करा. मिस्टरांच्या बँक खात्याचा १२ मार्चपासून आजपर्यंतचा उतारा काढा. यूपीआयने भरलेले पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. ऑर्डर तुमच्या नावावर असली तरी रिफंड तुमच्या खात्यात येणार नाही. मिस्टर रोज मोबाइलवर बघत असतील, पण पुष्कळांच्या एकाच अ‍ॅपला दोन-दोन खाती जोडलेली असतात आणि शिल्लक भलत्याच खात्याची बघितली जाते. उताऱ्यात नुसतं कंपनीचं नावही शोधू नका. मधे पैसे फिरवणारी पेमेंट कंपनी असते आणि कित्येकदा तिचंच नाव तिथे छापलेलं असतं. म्हणून रक्कम शोधा, आधी ७,८५० आणि मग त्याहून थोडी कमी. परत न्यायचा खर्च कापून रिफंड देणाऱ्या कंपन्या आहेत. पैसे येऊन पडलेत आणि आपण चोर म्हणून मोकळे झालो, यासारखी पंचाईत नाही. कमी रक्कम आलेली दिसली, तर तक्रार वेगळी होते: मशीन मुळातच बिघडलेलं होतं, मग कापलेले पैसे कोणत्या अटीने कापले?

उताऱ्यात काहीच नाही असं धरून पुढे लिहिते.

तुमचा मेल उघडणारा माणूस कोण, ते आधी बघा. कंपनीचा मालक तो वाचत नाही. ग्राहक सेवेत बसलेला एखादा मुलगा किंवा मुलगी वाचते, समोर अशा तक्रारींची रांग असते आणि स्क्रीनवर तुमच्या ऑर्डरपुढे एक ओळ दिसते. ती ओळ म्हणजेच ‘प्रोसेसमध्ये आहे’. त्या ओळीमागे निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, तुमचं मशीन गोदामात पोचलं, पण तिथे ‘मिळालं, तपासलं’ अशी नोंदच झाली नाही, म्हणून हिशोब विभागाने पैसे सोडले नाहीत. दोन, पैसे सोडायचा आदेश पेमेंट कंपनीकडे गेला आणि तिथे अडकला किंवा फेल झाला, पण कंपनीच्या स्क्रीनवर अजून ‘सुरू केला’ असंच दिसतंय. तीन, पैसे खरोखर निघाले आणि बँकेच्या बाजूला राहिले. ‘रिफंड सुरू केला’ हा मेसेज या तिन्ही वेळी येऊ शकतो. म्हणून फोनवर कितीही आवाज चढवला तरी तीच ओळ परत ऐकू येते. समोरच्याला खोटं बोलायचं नसतं, त्याला त्यापलीकडचं दिसत नसतं.

ही कोंडी एका प्रश्नाने फुटते: यूटीआर नंबर काय? पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात निघाले की त्या व्यवहाराला एक नंबर पडतो. यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो. कार्डाने पैसे भरले असते तर एआरएन नंबर मागितला असता. हा नंबर त्यांनी दिला, तर तो घेऊन मिस्टरांच्या बँकेत जायचं, तिथे शोध लागतो. नंबर देता येत नसेल, तर बहुधा पैसे अजून निघालेलेच नाहीत, मग मेसेजात काहीही लिहिलेलं असो. ग्राहक सेवेतल्या मुलाला हा नंबर स्क्रीनवर सापडला नाही, की त्याला तुमची तक्रार उचलून हिशोबवाल्यांकडे द्यावीच लागते. आपल्याला तेच हवं आहे. ‘पैसे टाका’ हे काम त्याच्या हातात नाही, ‘नंबर शोधून द्या’ हे आहे.

आता तुमचा मेल घेऊ.

‘चोर’, ‘अक्कल’, ‘दाबून बसलात’ हे सरळ काढा. संस्कार वगैरे म्हणून सांगत नाही. शिव्या असलेला मेल कंपनीत वेगळ्या पद्धतीने हाताळला जातो. कुणीतरी त्यावर ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं तयार उत्तर टाकतं आणि तक्रार बंद करून मोकळं होतं. शिवाय उद्या हाच मेल ग्राहक आयोगात पुरावा म्हणून लावायचा झाला, तर तिथे बसलेल्यांना त्यात आधी तुमचा राग दिसणार, तारखा नंतर.

‘महिना झाला’ याच्या जागी तारखा घाला. खरं तर महिना झालेला नाही. मशीन गेलं ९ मार्चला आणि आज ६ एप्रिल आहे. समोरचा एवढी एक चूक पकडतो आणि तिलाच धरून बसतो. १२ मार्चपासून सात कामाचे दिवस, मधले शनिवार-रविवार आणि पाडव्याची सुट्टी वगळून मोजले, तरी मुदत २४ मार्चला संपते. ‘तुमच्याच मेसेजप्रमाणे २४ मार्चला मुदत संपली’ या वाक्याला उत्तर नाही. ‘महिना झाला’ला आहे.

‘दहा वेळा फोन’चंही तसंच. तुम्हाला दोन तारखा पक्क्या आठवतायत, त्या दोनच लिहा. फोनच्या कॉल यादीत वेळ सापडेल. फोनवर तक्रार क्रमांक दिला असेल तर तो जोडा.

पंचवीस हजारांच्या नुकसानीवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तिथे तुमचाच तोटा होऊ शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ धरला जात नाही. त्याला एक अपवाद आहे: स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच असतो. घरी बसून चटणी कुटणारी आणि स्वतः पाकिटं भरणारी बाई या अपवादात बसते असं माझं मत आहे. पण तुम्हीच पहिल्या मेलात ‘माझ्या धंद्याचं हजारोंचं नुकसान’ असं लिहून दिलंत, तर उद्या कंपनीचा वकील तेच वाक्य पुढे करील आणि म्हणेल, या तर व्यापारी आहेत. शिवाय पंचवीस हजारांचा हिशोब मागितला तर कोणता कागद दाखवणार? आज मागणी फक्त ७,८५० रुपयांची ठेवा. ती निर्विवाद आहे. प्रकरण आयोगापर्यंत गेलंच, तर व्याज आणि भरपाई तिथे मागता येते. त्या वेळी स्वयंरोजगाराचा मुद्दाही नीट मांडता येईल.

रोजच्या शंभर रुपयांचा मेसेज बहुतेक तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आला असणार. तो नियम खरा आहे, पण तुमच्या प्रकरणाचा नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी फसलेल्या व्यवहारांबद्दल परिपत्रक काढलं. दुकानात यूपीआयने पैसे भरले, खात्यातून गेले, पण दुकानदाराला पोचल्याची खात्रीच मिळाली नाही, अशा वेळी बँकेने पाच दिवसांत ते आपणहून परत करायचे आणि उशीर झाला तर रोज १०० रुपये द्यायचे, असं त्यात आहे. तुमचे पैसे कंपनीला व्यवस्थित मिळाले होते. कंपनीने वस्तू परत घेऊन रिफंड द्यायचा ही वेगळी गोष्ट. भलता नियम मेलात घातला की वाचणाऱ्याला कळतं, या बाईंना नियम माहीत नाहीत. मग बरोबर असलेलं वाक्यही हलकं होतं.

तुमच्या कामाचा नियम दुसराच आहे. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली केंद्र सरकारने ग्राहक संरक्षणाचे नियम केले. त्यांप्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, हुद्दा, संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रार पोचल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात निकाली काढायची. बहुतेक वेबसाइटींवर ही माहिती अगदी तळाशी, बारीक अक्षरात असते. मेल तिथे पाठवा आणि ग्राहक सेवेच्या पत्त्यावर प्रत ठेवा. ज्या मेल पत्त्यावरून ऑर्डर केली होती त्याच पत्त्यावरून पाठवा, नाहीतर ‘ओळख पटवा’ म्हणून आणखी दोन दिवस जातात.

राहिल्या धमक्या. पोलीस, वकील, पेपर, फेसबुक, एका दमात चार. चार धमक्या दिल्या की वाचणाऱ्याला कळतं, यातली एकही खरी नाही. त्याऐवजी एकच पुढचं पाऊल लिहा, जे तुम्ही खरोखर उचलणार आहात, आणि ते कोणत्या तारखेला उचलणार तेही लिहा. ‘ताबडतोब’ हीसुद्धा मुदत नव्हे. नंबर द्यायला तीन दिवस पुष्कळ झाले. पैसे यायला १५ एप्रिल ठेवा, कारण १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे आणि ती सबब आपण आधीच काढून घेतलेली बरी.

रागाच्या बाबतीत माझं असं मत आहे की तो मेलमधून अगदीच गायब करू नये. एप्रिलच्या उन्हात हाताने पाकिटं सील करत बसलेल्या बाईने ‘आपल्या मौल्यवान सहकार्याबद्दल आभारी’ असं लिहिलं तर ते खोटं वाटतं. आपल्याकडे अर्ज लिहायचा म्हटलं की ‘सविनय’, ‘नम्र विनंती’, ‘कृपा करून’, ‘तसदीबद्दल क्षमस्व’ अशी आरास सुरू होते. पैसे तुमचे आहेत, तुम्ही उसने मागत नाही. ‘नमस्कार’ आणि एक ‘कृपया’ पुरे. क्रियापदं ‘कळवावं’, ‘पाठवावा’ अशी ठेवा. ‘कळवाल का?’ म्हटलं की नाही म्हणायला जागा राहते, ‘कळवा नाहीतर’ म्हटलं की भांडण होतं.

असा लिहा. मोकळ्या जागा तुम्ही भरा:

> विषय: ऑर्डर क्रमांक ______ : ७,८५० रुपयांचा रिफंड थकीत, यूटीआर नंबर पाठवावा
>
> तक्रार निवारण अधिकारी यांस,
>
> नमस्कार.
>
> वरील ऑर्डरचं पाकीट सील करण्याचं मशीन मला ३ मार्चला मिळालं. पट्टी तापत नसल्यामुळे ५ मार्चला ते परत घेण्याबद्दल कळवलं. ९ मार्चला आपला माणूस मशीन घेऊन गेला. त्याची पावती जोडली आहे.
>
> १२ मार्चच्या आपल्या मेसेजप्रमाणे रिफंड ५ ते ७ कामाच्या दिवसांत मिळायचा होता. ती मुदत २४ मार्चला संपली. ज्या खात्यातून यूपीआयने पैसे भरले (शेवटचे चार अंक ____), त्याचा आजपर्यंतचा उतारा तपासला. रक्कम जमा झालेली नाही.
>
> २७ मार्च आणि २ एप्रिलला ग्राहक सेवेला फोन केला (तक्रार क्रमांक ______). दोन्ही वेळा ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर मिळालं. या उत्तराने माझं समाधान झालेलं नाही.
>
> कृपया ९ एप्रिलपर्यंत लेखी कळवावं: रिफंड पाठवला असल्यास त्याची तारीख आणि यूटीआर नंबर, पाठवला नसल्यास तो कशासाठी थांबला आहे आणि कोणत्या तारखेला पाठवणार. पूर्ण रक्कम १५ एप्रिलपर्यंत त्याच खात्यात जमा व्हावी.
>
> तसं न झाल्यास १६ एप्रिलला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) तक्रार नोंदवीन.
>
> नाव, ऑर्डरला जोडलेला मोबाइल नंबर

‘समाधान झालेलं नाही’ हे वाक्य म्हणजे तुमचा सगळा राग. तेवढा पुरतो, कारण त्याच्या आधी सात तारखा उभ्या आहेत.

विषयाची ओळ कंटाळवाणी वाटली तरी तशीच ठेवा. ‘अत्यंत वाईट अनुभव!!!’ अशा विषयाचे मेल त्यांना रोज येतात. ऑर्डर क्रमांक वरच दिसला की वाचणारा तोच कॉपी करून शोधतो. कंपनी इंग्रजीत व्यवहार करत असेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून याचं इंग्रजी करून घ्या, पण त्याला एकही वाक्य वाढवू देऊ नका. कॉलेजातल्या मुलांना ‘लीगल अ‍ॅक्शन’ लिहायची फार हौस असते.

जोडायला दोनच चित्रं लागतात: १२ मार्चच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि मशीन नेल्याची पावती किंवा तसा मेसेज. खात्याचा पूर्ण उतारा पाठवू नका. त्यात तुमच्या घरचा सगळा व्यवहार असतो आणि त्यांना त्याची गरज नाही. मागितलाच तर त्या तारखांचं एक पान पाठवा, बाकीच्या नोंदी झाकून.

आणि हो, राग आला की माणूस कंपनीचा फोन नंबर गुगलवर शोधतो. तिथे खोटे नंबर टाकून बसलेले लोक आहेत. नंबर फक्त कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा बिलावरून घ्या. फेसबुकवर तक्रार टाकलीत, तर खाली ‘आम्ही मदत करतो, नंबर पाठवा’ म्हणणारेही हेच असतात. रिफंड घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो पैसे देताना लागतो. कुणी पिन टाका, क्यूआर स्कॅन करा किंवा एखादं अ‍ॅप उतरवून घ्या म्हणालं, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

मेल गेल्यावर कंपनीकडून फोन येण्याची शक्यता जास्त. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींत मेल करा: ‘आज दुपारी आपल्या प्रतिनिधीने १३ एप्रिलला पैसे पाठवणार असं सांगितलं, त्याची नोंद म्हणून हा मेल.’ नवा मेल उघडू नका, जुन्याच मेलाला उत्तर द्या, म्हणजे सगळं एका साखळीत राहतं. कधी कधी ‘खात्यात वेळ लागेल, आमच्या वॉलेटमध्ये लगेच टाकतो, पुढच्या खरेदीला वापरा’ असंही म्हणतात. ‘धन्यवाद, मला रक्कम मूळ खात्यातच हवी आहे’ एवढंच लिहा. कारण देत बसू नका. दिलेल्या कारणावर चर्चा सुरू होते.

१५ तारीख उलटली तर १६ ला खरंच १९१५ फिरवा. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि तडजोड घडवायचा प्रयत्न करते. ती हुकूम काढू शकत नाही, हे आधीच माहीत असू द्या. तिथेही हाच मेल, याच तारखा द्यायच्या. त्यानंतर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस कुठल्याही शहरात असो, तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पण ७,८५० रुपयांसाठी तारखा घ्यायला जाणं शेवटचं ठेवा, त्यात तुमचे कामाचे दिवस मोडतात.

यूटीआर नंबर मिळाला आणि तरी खात्यात पैसे दिसले नाहीत, तर कंपनीशी भांडण तिथे थांबवा. नंबर, रक्कम आणि तारीख एका कागदावर लिहून मिस्टरांना बँकेच्या शाखेत पाठवा आणि अर्जाची पोच घ्यायला सांगा. खातं त्यांचं आहे, तिथे त्यांचीच सही लागेल.